कॅल्शियम स्कोअर: शून्याचा भरवसा किती, चारशेची धास्ती किती

कारंजा तालुक्यातल्या कामरगावच्या माणसाला सीटी स्कॅन काढायचा तर बहुधा अमरावती किंवा अकोल्याची वाट धरावी लागते. तरी ‘कॅल्शियम स्कोअर’ हा शब्द अशा गावांत केव्हाच पोचला आहे. पुण्याला नोकरीला असलेला मुलगा आईवडिलांना घेऊन जातो, ‘हार्ट चेकअप’चं पॅकेज करवतो आणि गावी परतल्यावर पारावर बातमी होते, “माया स्कोअर झिरो आला, हार्ट एकदम क्लीन हाये.” दुसऱ्या एखाद्या घरात नेमकं उलटं घडतं. आकडा चारशेच्या वर निघालेला असतो, त्यामुळे “म्हंजे ब्लॉक हायेच” असं सगळे धरून चालतात आणि अँजिओग्राफीसाठी पैशांची जुळवाजुळव सुरू होते. एका घरी पेढे, दुसऱ्या घरी रडारड. पण दोन्ही घरांचा समज एकच आहे. तो असा की हा आकडा म्हणजे हृदयाच्या नळ्यांचा निकाल. हा समज चूक आहे, असं मला इथे मांडायचं आहे. मात्र रीतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष मांडला पाहिजे, आणि तोही त्याच्या सगळ्यात भक्कम रूपात.

पूर्वपक्ष म्हणतो की बाकी सगळ्या तपासण्या अंदाज बांधतात. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, बिडी ही झाली कारणं. ती असूनही एखाद्याच्या रक्तवाहिन्या ठणठणीत राहतात आणि दुसऱ्याच्या कारण दिसत नसताना बिघडतात. कॅल्शियम स्कोअर कारणांकडे न बघता थेट परिणाम बघतो. चाळीस-पन्नास वर्षांत या माणसाच्या धमन्यांवर जे काही बेतलं, त्याची बेरीज तो दाखवतो. म्हणून अंदाज सोडा आणि स्कोअर बघा.

हा युक्तिवाद हवेतला नाही. अमेरिकेत 2000 साली सुरू झालेल्या ‘मेसा’ या अभ्यासात 45 ते 84 वयाच्या 6,814 लोकांचा स्कोअर काढला गेला आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. सुरुवातीला कोणालाही हृदयविकार नव्हता. 2008 साली आलेल्या निष्कर्षानुसार, शून्य स्कोअरवाल्यांच्या तुलनेत 101 ते 300 स्कोअर असलेल्यांना हृदयधमन्यांच्या आजाराची घटना घडण्याची शक्यता सुमारे पावणेआठ पट होती, आणि 300 च्या वर ती जवळजवळ पावणेदहा पट होती. बीपी-साखर-कोलेस्टेरॉलचा हिशेब जमेस धरल्यावरही हा फरक टिकून राहिला. एवढं जड माप क्वचितच कुठल्या तपासणीच्या पदरात पडतं. तेव्हा ‘हे सगळं लॅबवाल्यांचं दुकान आहे’ असं म्हणून पूर्वपक्ष उडवून लावणाऱ्यांशीही माझं जमणार नाही.

पण आकडा भविष्याबद्दल काही सांगतो, एवढ्यावरून तो नळीचा निकाल ठरत नाही. हे कळण्यासाठी आकडा तयार कसा होतो ते पाहावं लागतं.

या तपासणीत सुई टोचत नाहीत, रंगद्रव्यही देत नाहीत. छातीला ईसीजीच्या तारा लावतात, माणूस सीटीच्या टेबलावर निजतो, दहा-बारा सेकंद श्वास रोखतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या, हृदय जरा स्थिर असलेल्या क्षणी यंत्र चित्रं टिपतं. सहसा तीन-तीन मिलिमीटर जाडीचे काप घेतले जातात. किरणोत्सार साधारण एक मिलिसिव्हर्ट, म्हणजे पोटाच्या किंवा छातीच्या पूर्ण सीटीपेक्षा बराच कमी. त्या कापांत हृदयधमनीच्या जागी 130 हाउन्सफील्डपेक्षा जास्त घनतेचा, किमान एक चौरस मिलिमीटरचा ठिपका दिसला की संगणक तो कॅल्शियम म्हणून मोजतो. मोजण्याची रीत आर्थर अगाट्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली मांडली, म्हणून रिपोर्टवर ‘अगाट्स्टन स्कोअर’ असं छापलेलं असतं. ठिपक्याचं क्षेत्रफळ घ्यायचं आणि त्याच्या सर्वाधिक घनतेनुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं. घनता 130 ते 199 असेल तर गुणक एक, 200 ते 299 ला दोन, 300 ते 399 ला तीन आणि 400 च्या पुढे चार.

एक उदाहरण हातानेच करून बघू. हृदयाच्या पुढच्या बाजूने खाली उतरणाऱ्या डाव्या धमनीत, म्हणजे एलएडीत, लागोपाठ तीन कापांत ठिपके दिसले. पहिल्यात 5 चौरस मिलिमीटर, घनता 260. पाच गुणिले दोन, दहा. दुसऱ्यात 8 चौरस मिलिमीटर, घनता 340. आठ त्रिक चोवीस. तिसऱ्यात 4 चौरस मिलिमीटर, घनता 180. चार एके चार. झाले 38. उजव्या धमनीत एकाच कापात 6 चौरस मिलिमीटरचा, 420 घनतेचा ठिपका; सहा चोक चोवीस. एकूण 62. स्कोअर म्हणतात तो हाच.

या सगळ्या गुणाकारात नळी आतून किती अरुंद झाली याचा आकडा कुठे आला? आलाच नाही. रंगद्रव्य न दिल्यामुळे रक्त वाहण्याची पोकळी या चित्रात वेगळी दिसतच नाही. दिसते ती भिंतीत साचलेली कठीण भर. धमनीची भिंत चरबी साचू लागली की बाहेरच्या बाजूने फुगू शकते, त्यामुळे भिंतीत पुष्कळ कॅल्शियम असूनही पोकळी मोकळी असू शकते. म्हणून 62 म्हणजे 62 टक्के ब्लॉक नव्हे आणि 400 म्हणजे चारही बाजूंनी बंद असंही नव्हे. टक्के आणि स्कोअर यांची गल्लत मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडूनही ऐकली आहे. त्यात कोविडच्या साथीत प्रत्येक घराने ‘एचआरसीटी स्कोअर’ पंचवीसपैकी किती ते ऐकलेलं, तेव्हा सीटीचा स्कोअर म्हणजे आजार किती पसरला त्याचं प्रमाण हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. या स्कोअरला वरची मर्यादाच नाही. तो हजाराच्याही पुढे जातो.

ओघात आणखी एक गैरसमज निकालात काढतो. स्कोअर आला की घरातलं दूध बंद होतं, आणि खर्र्यातला चुना अंगावर उतरला असंही कोणी म्हणतं. खर्र्याने हृदयाचं नुकसान होतं ते तंबाखूमुळे. चुन्याचा कॅल्शियम जाऊन धमनीत बसत नाही. धमनीच्या भिंतीत चरबी आणि दाह यांची वर्षानुवर्षं झटापट चालते, तिथल्या पेशी हाडाच्या पेशींसारखं वागू लागतात आणि त्या जागी कॅल्शियमचा थर धरतो. म्हणजे कॅल्शियम ही जुन्या जखमेवरची खपली आहे. ती दिसली तर जखमा होत होत्या हे निश्चित, आणि जितक्या खपल्या जास्त तितक्या आणखी ताज्या जखमाही आसपास असणार असा तर्क करता येतो. स्कोअर भविष्य सांगतो तो या तर्काच्या जोरावर. पण अजून खपलीच धरली नाही अशी जखम त्याला दिसत नाही.

आपल्या भागात शून्याचा भरवसा ढिला पडतो तो इथे. हृदयविकाराच्या कारणांचा ‘इंटरहार्ट’ नावाचा एक मोठा अभ्यास 52 देशांत झाला. त्यातल्या दक्षिण आशियाई रुग्णांवरचा लेख 2007 च्या जानेवारीत अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला आणि त्याचे पहिले लेखक होते नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. त्यात आपल्याकडे पहिल्या झटक्याचं सरासरी वय 53 निघालं. इतर देशांत ते जवळपास 59 होतं. म्हणजे ढोबळमानाने निम्मे लोक 53 च्या आतच गाठले जातात. आणि कॅल्शियम साचायला वर्षं लागतात. डेन्मार्कमध्ये छातीत दुखणं वगैरे तक्रारी घेऊन आलेल्या सुमारे 23,700 रुग्णांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. रंगद्रव्य देऊन केलेल्या सीटीत ज्यांच्या धमनीत खरोखर मोठा अडथळा सापडला, त्यांच्यापैकी किती जणांचा कॅल्शियम स्कोअर शून्य होता हे त्यात मोजलं. सत्तरीच्या पुढे ते प्रमाण 5 टक्के होतं. चाळिशीच्या आतल्यांत 58 टक्के. म्हणजे अडथळा असलेल्या दर दहा तरुणांतल्या जवळजवळ सहा जणांना या तपासणीने ‘शून्य’ म्हणून घरी पाठवलं असतं.

या आकड्याचा उलटा अर्थ मात्र काढू नये. तरुणांत मुळात अडथळा असणारेच थोडे, त्यामुळे शून्य आलेल्या बहुतेक तरुणांना खरंच काही नसतं. पण ते शून्य त्यांना फार नवीन काही सांगत नाही, कारण काही नसण्याची शक्यता आधीही जवळजवळ तेवढीच होती. छातीत दुखत असेल, चालताना जबडा किंवा डावा हात भरून येत असेल, दम लागून घाम सुटत असेल, तर कॅल्शियम स्कोअरची तपासणी त्या वेळची नाहीच. तिथे तात्काळ ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी. “मागच्या वर्षी झिरो होता” म्हणून रात्र काढणं हा सगळ्यात महाग गैरसमज आहे.

मग स्कोअर कशासाठी? माझा पक्ष असा की तो आधीच्या अंदाजाला केलेली दुरुस्ती आहे, आणि दुरुस्ती किती उपयोगाची हे आधीचा अंदाज कुठे होता यावर ठरतं. पूर्वपक्ष म्हणतो अंदाज सोडा. मी म्हणतो अंदाज नसेल तर स्कोअर वाचताच येत नाही.

आधीचा अंदाज काढायला शहर लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली प्रदेशवार तक्ते नव्याने काढले, त्यात दक्षिण आशियाचा वेगळा तक्ता आहे. वय, पुरुष की स्त्री, धूम्रपान, वरचं बीपी, मधुमेह आणि एकूण कोलेस्टेरॉल एवढं घेतलं की दहा वर्षांत हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याची शक्यता टक्क्यांत मिळते. रक्ततपासणी झालेली नसेल तर मधुमेह-कोलेस्टेरॉल वगळून वजन-उंचीवर चालणारा दुसरा तक्ता आहे. विदर्भापुरती मात्र एक खोट लक्षात ठेवायची. तक्ता विचारतो धूम्रपानाबद्दल. दिवसाला पाच पुड्या खर्रा खाणारा माणूस तिथे निर्धास्तपणे ‘नाही’ सांगतो आणि तक्ता त्याला सूट देऊन टाकतो. इंटरहार्टमध्ये तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याचा धोका दुपटीहून जास्त आढळला होता. तेव्हा खर्रा खाणाऱ्याची बेरीज करताना तक्त्याच्या उत्तरावर थोडं वर चढवायला हवं. वडिलांना किंवा भावाला 55 च्या आत, आईला किंवा बहिणीला 65 च्या आत झटका आलेला असेल तर तेही तक्त्यात नसतं.

आता कामरगावचे एक शेतकरी धरू. वय 52, मधुमेह नाही, बीपी 146, एलडीएल 145, बिडी सुटलेली पण खर्रा चालू. समजा सगळं धरून त्यांची दहा वर्षांची जोखीम 12 टक्के निघाली. डॉक्टर म्हणतात स्टॅटिनची गोळी सुरू करा. यांचं म्हणणं, “काही होत नाही तर जन्मभर गोळी कायले खावं?” प्रश्न रास्त आहे, आणि स्कोअर उपयोगी पडतो तो अशाच ठिकाणी.

त्यांच्यासारखे शंभर जण घ्या. दहा वर्षांत बारांना काही ना काही होणार. या वयात आणि या जोखमीत ढोबळमानाने निम्म्यांचा स्कोअर शून्य येतो, असं हिशेबापुरतं धरू. मेसाचा अनुभव पाहता बारा घटनांपैकी दोन-तीनच शून्यवाल्या पन्नासांत पडतील, उरलेल्या नऊ-दहा कॅल्शियम असलेल्या पन्नासांत. म्हणजे शून्य आलेल्याची जोखीम 12 वरून 5 टक्क्यांवर उतरली, आणि कॅल्शियम निघालेल्याची 19 च्या आसपास चढली. एलडीएल सुमारे 40 ने उतरवणारं स्टॅटिन मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्शाने कमी करतं. मग 5 टक्केवाल्या शंभरांना दहा वर्षं गोळी दिली तर एखादी घटना टळेल. 19 टक्केवाल्या शंभरांना दिली तर चारेक टळतील. पहिल्या गटातला माणूस ‘तूर्त थांबू, बीपी आणि खर्रा बघू’ म्हणाला तर त्यात गैर काही नाही. दुसऱ्या गटातल्याचा गोळी नको म्हणण्याचा आधार मात्र गेला. अमेरिकेची 2018 ची कोलेस्टेरॉलची मार्गदर्शक तत्त्वं याच वाटेने जातात: मधल्या जोखमीच्या माणसाचा स्कोअर शून्य असेल तर गोळी लांबवायला हरकत नाही, 1 ते 99 असेल तर गोळीकडे कल, विशेषतः पंचावन्नच्या पुढे, 100 किंवा त्याहून जास्त असेल तर गोळी द्यावी. मेसातच स्टॅटिनच्या निकषात बसणाऱ्यांपैकी सुमारे 41 टक्के लोकांचा स्कोअर शून्य होता, यावरून मधल्या पट्टीत या तपासणीला किती वाव आहे ते दिसतं.

हाच हिशेब दोन टोकांना लावा म्हणजे पूर्वपक्ष कुठे फसतो ते दिसेल. एखादी 38 वर्षांची बाई, बीपी-साखर ठीक, तंबाखू नाही. जोखीम एखादा टक्का. तिचा स्कोअर शून्य आला तर एकाचा अर्धा झाला. करायचं तेच, म्हणजे काही नाही. पॅकेज मात्र विकलं गेलं.

दुसऱ्या टोकाला 58 वर्षांचे गृहस्थ, दहा वर्षांचा मधुमेह, बीपी, बिडी चालू. जोखीम 30 टक्के. असल्या शंभरांत समजा तिसांना शून्य आला आणि तीस घटनांपैकी चार त्यांच्यात पडल्या. तेरा टक्के. म्हणजे शून्य येऊनही यांची जोखीम आपल्या शेतकऱ्याच्या आधीच्या जोखमीपेक्षा कमी नाही! म्हणूनच त्याच मार्गदर्शक तत्त्वांत शून्यावर गोळी लांबवायची सवलत मधुमेही, धूम्रपान करणारे आणि घरात अकाली हृदयविकार असलेले यांना दिलेली नाही. या माणसाने अमरावतीला जाण्याऐवजी भाड्याचे पैसे साखरेच्या औषधात घालावेत. पेढे वाटावेत असं शून्य त्याच्या वाट्याला येऊच शकत नाही.

मोठा आकडा आलेल्यांचं काय? 400 च्या वर स्कोअर म्हणजे जोखीम नक्कीच मोठी, आणि गोळी, बीपी, तंबाखू यांबाबत चालढकल संपली. पण तक्रार काहीच नसताना तिथून थेट अँजिओग्राफी आणि स्टेंट ही उडी पुराव्यावर उभी नाही. 2007 च्या ‘करेज’ आणि 2020 च्या ‘इस्केमिया’ या चाचण्यांत स्थिर आजार असलेल्यांना औषधांसोबत स्टेंट किंवा बायपास केल्याने केवळ औषधांच्या तुलनेत झटके किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. ‘इस्केमिया’त पाच हजारांहून जास्त रुग्ण होते, आणि स्टेंट-बायपास फायदेशीर ठरेल अशीच पुष्कळांची अपेक्षा होती. छातीत दुखणं कमी होण्यासाठी स्टेंटचा उपयोग आहे. दुखतच नसेल तर तो उपयोगही उरत नाही. चालताना छाती भरून येते का, हे नीट विचारून, गरज वाटली तर ताणाची चाचणी करून मग पुढचं ठरवावं. घरातल्यांनी डॉक्टरांना एकच विचारावं: हा स्टेंट कोणत्या तक्रारीसाठी?

आकड्याला वयाचंही मान असतं. सत्तरीत 60 स्कोअर म्हणजे बऱ्यापैकी. पंचेचाळिशीतल्या पुरुषाला तोच 60 आला तर तो वयाच्या मानाने वरच्या चतुर्थांशात जातो आणि तो धोक्याचा इशारा आहे. इथे एक खरी अडचण आहे. मेसात गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे अमेरिकन होते. आपल्यापैकी कोणी नव्हतं. ती उणीव भरून काढायला सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातल्या दक्षिण आशियाई स्थलांतरितांवर ‘मसाला’ नावाचा अभ्यास सुरू झाला. 2010 ते 2013 या काळात 906 जण त्यात आले. त्यात आपल्या पुरुषांतला कॅल्शियम गोऱ्या पुरुषांइतकाच निघाला आणि इतर तीन गटांपेक्षा जास्त. म्हणून गोऱ्या पुरुषांचा वयवार तक्ता आपल्या पुरुषांना कामचलाऊ म्हणून लावता येतो. पण शिकागोतला शिकलेला, चांगल्या पगाराचा इंजिनिअर आणि कामरगावचा सोयाबीन-तूर पेरणारा शेतकरी यांत जे अंतर आहे ते कुठल्या तक्त्यात बसवलेलं नाही, हे विसरू नये.

रिपोर्ट हाती आला की नुसती बेरीज वाचू नका. डावी मुख्य, एलएडी, सर्कमफ्लेक्स आणि उजवी, अशा चार धमन्यांचे आकडे वेगळे दिलेले असावेत. नाडी जलद असेल तर चित्र ओघळतं आणि एकाच ठिपक्याचे दोन होतात. महाधमनीच्या मुळाशी किंवा झडपेच्या कड्यावर असलेला कॅल्शियम चुकून धमनीच्या खात्यात पडू शकतो. स्टेंट आधीच बसवलेला असेल तर स्कोअर काढण्यात अर्थ नाही. धातूचीच मोजणी होईल.

पूर्वपक्षाचा शेवटचा किल्ला म्हणजे ‘दर वर्षी स्कोअर काढा, औषध लागू पडतंय का कळेल’. हा सगळ्यात कच्चा आहे, आणि त्याचं उत्तर वरच्या गुणाकारातच आहे. स्टॅटिनने भिंतीतली मऊ चरबी आकसते आणि उरलेला भाग घट्ट होतो. एलएडीतला तो 8 चौरस मिलिमीटरचा ठिपका तेवढाच राहिला, पण घनता 340 वरून 410 झाली, तर गुणक तीनाचा चार होतो. चोवीसचे बत्तीस, म्हणजे एकूण 62 चा 70. माणूस सुधारला, स्कोअर बिघडला! मेसाच्याच 2014 च्या विश्लेषणात असं दिसलं की कॅल्शियमचं आकारमान सारखं असेल तर जास्त घनता कमी धोक्याशी जोडलेली असते. अगाट्स्टनच्या गुणकाची दिशा नेमकी उलटी आहे. तेव्हा गोळी सुरू झाल्यावर स्कोअर पुन्हा काढून गोळीवर फिर्याद करू नये. लिपिड प्रोफाइल करून एलडीएल बघावं. शून्य आलेल्या आणि गोळी न घेणाऱ्या माणसाने मात्र पाच ते दहा वर्षांत पुन्हा बघायला हरकत नाही.

सगळ्यांचाच स्कोअर काढत सुटावं का, याचंही थोडं उत्तर हाती आहे. डेन्मार्कच्या ‘डॅनकॅव्हस’ चाचणीत 65 ते 74 वयाच्या 46,611 पुरुषांपैकी काहींना कॅल्शियम स्कोअरसह तपासण्यांचं निमंत्रण दिलं, बाकीच्यांना नाही. पाच वर्षांहून थोड्या जास्त काळाने निमंत्रितांत 12.6 टक्के मृत्यू झाले, इतरांत 13.1 टक्के. फरक निमंत्रितांच्या बाजूने झुकणारा आहे, पण योगायोग नाही असं ठामपणे म्हणण्याइतका मोठा नाही.

आणि अमरावतीला जाण्याआधी घरातलं कपाट उघडावं. 2021 च्या लाटेत अमरावती विभागातल्या अनेकांनी छातीचा एचआरसीटी काढला होता. त्याच्या फिल्म पिशवीत पडून असतील. त्यावरून अगाट्स्टनचा आकडा नीट निघत नाही, कारण ती चित्रं ईसीजीच्या तालावर घेतलेली नसतात. पण धमन्यांतला पांढरा कॅल्शियम त्यात डोळ्यांनी दिसतो, आणि नाही, थोडा, मध्यम की भरपूर एवढं रेडिओलॉजिस्ट सांगू शकतो. त्या वेळी सगळ्यांचं लक्ष फुप्फुसांवर होतं, म्हणून रिपोर्टमध्ये हृदयाबद्दल ओळ नसेलही. फिल्म दाखवून विचारावं. बावन्न वर्षांच्या, गोळीला नाही म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या जुन्या फिल्ममध्ये कॅल्शियम स्पष्ट दिसला, तर त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. नवीन स्कॅन लागणार नाही.